३० दिवसांत ३०,००० शब्द, आणि तरीही जर्मन कळेना

१/
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समधील नॉर्मंडीचा एक तरुण लॅटिन-शिक्षक जर्मन शिकण्यासाठी हॅम्बुर्गला गेला. त्याने अख्खे जर्मन व्याकरण पाठ केले. पुढे जवळजवळ संपूर्ण शब्दकोश पाठ केला. आणि वर्षअखेरीस, ज्या भाषेचे ३०,००० शब्द त्याच्या डोक्यात होते, त्या भाषेतील साधे व्याख्यानही त्याला समजत नव्हते. त्याचे नाव फ्रान्स्वा ग्वाँ. हा धागा त्याच्या अपयशाचा, आणि त्या अपयशाचे कारण हाती लागायला जे सुमारे शतक लागले, त्याचा आहे.

२/
ग्वाँ आळशी नव्हता आणि मंदबुद्धीही नव्हता. त्याला बर्लिनला जाऊन तत्त्वज्ञानाची व्याख्याने ऐकायची होती. जर्मन ही त्यासाठी ओलांडायची पायरी होती. लॅटिन त्याने ज्या मार्गाने आत्मसात केली होती, तोच मार्ग त्याने निवडला: आधी नियम, मग रूपे, मग शब्द, मग भाषांतर. युरोपभर शाळांमध्ये हीच रीत होती. तिला पुढे व्याकरण-भाषांतर पद्धती असे नाव पडले.

३/
या रीतीमागे एक इतिहास आहे. लॅटिन तोवर कुणाची घरातली भाषा उरली नव्हती. ती कागदावर होती, आणि कागद वाचकाची वाट पाहतो. एका वाक्यावर अर्धा तास घालवला, विभक्ती ओळखली, क्रियापद शोधले, कोश उघडला, तरी वाक्य पळून जात नाही. परीक्षाही भाषांतराचीच असे. म्हणजे या पद्धतीने जे साधायचे होते ते साधतच होते. गफलत झाली ती हीच रीत जिवंत, बोलल्या जाणाऱ्या भाषांना जशीच्या तशी लावली गेली तेव्हा. (आपल्याकडे ‘देवः देवौ देवाः’ घडाघडा म्हणून शालान्त परीक्षेत संस्कृतला उत्तम गुण मिळवणाऱ्या आणि संस्कृतात पाणी मागता न येणाऱ्या पिढ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.)

४/
हॅम्बुर्गमध्ये ग्वाँने खोलीचे दार लावून घेतले. दहा दिवसांत व्याकरणाचे पुस्तक आणि २४८ अनियमित क्रियापदांचा तक्ता मुखोद्गत झाला. मग तो उत्साहाने तिथल्या अकादमीत व्याख्यान ऐकायला जाऊन बसला. एक शब्दही कळला नाही. अतिशयोक्ती नव्हे, त्याने स्वतःच पुढे लिहिलेल्या पुस्तकात ही कबुली दिली आहे.

५/
त्याने निष्कर्ष काढला की पाया कच्चा राहिला. म्हणून जर्मन भाषेचे ८०० धातू पाठ केले, व्याकरण आणि क्रियापदे पुन्हा घोकली, आणि पुन्हा अकादमीत गेला. परिणाम तोच. मग ग्यॉटे आणि शिलर यांच्या कृती कोश हाताशी घेऊन भाषांतरित करणे झाले. मग ओलेनडॉर्फ यांचे त्या काळी गाजलेले प्रश्नोत्तरी पाठ्यपुस्तक झाले. शेवटी त्याने शब्दकोशच हाती घेतला: रोज साधारण हजार शब्द, तीस दिवस. तरीही कानावर पडणारी जर्मन त्याला परकीच राहिली.

६/
या साऱ्या काळात माणसांत मिसळण्याचा एक प्रयत्न झाला. तो एका केशकर्तनकाराच्या दुकानात जाऊन बसू लागला. गिऱ्हाइकांचे बोलणे ऐकायचे आणि मनात आधी रचून ठेवलेले एखादे वाक्य धीर करून बोलायचे. त्या वाक्यांवर लोक हसत. ग्वाँ ओशाळला, आणि पुन्हा पुस्तकांकडे वळला. या दुकानाकडे आपण शेवटी परत येऊ.

७/
अकादमीत त्या दिवशी नेमके काय घडत होते? एक अगदी साधे जर्मन वाक्य घेऊ: ‘मी सहा वाजता उठतो.’ ‘उठणे’ याला जर्मनमध्ये ‘आउफश्टेहेन’ असे क्रियापद आहे. ग्वाँच्या कोशात ते ‘आ’पासून सुरू होणाऱ्या शब्दांत, एकसंध, असेच छापलेले असणार. पण बोलताना ते तुटते. ‘इश श्टेहं उम झेक्स ऊर आउफ.’ ‘आउफ’ हा उपसर्ग निखळून वाक्याच्या टोकाला जातो आणि मधे ‘सहा वाजता’ येऊन बसते. भूतकाळ केला तर ‘श्टेहं’ जाऊन ‘श्टांड’ येते, आणि ‘आउफ’ शेवटीच राहते. तेच वाक्य ‘तो उठला तेव्हा’ असे गौण झाले, की दोन्ही तुकडे पुन्हा जुळून ‘आउफश्टांड’ असे शेवटी उभे राहतात.

८/
हा नियम ग्वाँला माहीत होता. ‘श्टांड’ हे रूप त्याच्या २४८ क्रियापदांच्या तक्त्यात होते. कागदावर त्याने हे वाक्य काही क्षणांत सोडवले असते. परंतु बोलणारा मिनिटाला शंभर-दीडशे शब्द उच्चारतो. श्रोत्याला ‘श्टेहं’ ऐकून मूळ धातू आठवायचा, उपसर्ग येईल की नाही याची वाट पाहायची, तो आला की दोन तुकडे मनात जुळवायचे, मग जर्मनचा फ्रेंच प्रतिशब्द स्मरणातून काढायचा. तोपर्यंत पुढची तीन वाक्ये निघून गेलेली असतात. शिवाय कोशातील शब्दांना आवाज नसतो आणि बोलण्यात शब्दांमधली मोकळी जागा नसते. कोणता शब्द कुठे संपला हेही कानालाच ओळखावे लागते. ग्वाँकडे जर्मनविषयीचे ज्ञान भरपूर होते. ते वेळेत हाती येण्याजोगे नव्हते, आणि आणखी शब्द पाठ केल्याने ते तसे होणार नव्हते. गाठोडे फक्त जड होत होते.

९/
हरलेल्या मनाने तो घरी परतला. तिथे त्याचा तीन वर्षांचा भाचा होता. ग्वाँ निघाला तेव्हा जेमतेम बोलू लागलेला तो मुलगा आता फ्रेंचमध्ये अखंड बडबडत होता. ना तक्ता, ना कोश. मामाला हे झोंबले, पण तो मुलाकडे बारकाईने पाहू लागला.

१०/
एक दिवस मुलाला पिठाची चक्की पाहायला नेले. धान्याची पोती, फिरणारी जाती, पडणारे पीठ, सारे त्याने डोळे भरून पाहिले. घरी आल्यावर काही वेळ तो गप्प होता. मग भेटेल त्या प्रत्येकाला तो चक्कीची हकीकत सांगू लागला, थोडी थोडी बदलून, पण घटनांचा क्रम तोच ठेवून. पुढे त्याने छोटी पोती मागितली, खेळातली चक्की हवी म्हटले, वाळूला धान्य मानले, आणि प्रत्येक कृती करताना तिचे वाक्य मोठ्याने म्हणू लागला. ग्वाँला साक्षात्कार झाला तो इथे: मूल सुटे शब्द शिकत नव्हते. डोळ्यांपुढे घडलेल्या, एकामागून एक येणाऱ्या कृती त्याला आधी कळल्या होत्या, आणि भाषा त्या कळण्याला चिकटत होती.

११/
यातून त्याने ‘मालिका पद्धती’ रचली. १८८० मध्ये पॅरिसला त्याचे भाषा शिकण्या-शिकवण्याच्या कलेवरील पुस्तक निघाले. १८९२ मध्ये हॉवर्ड स्वान आणि व्हिक्टर बेटिस यांनी ते इंग्रजीत आणले आणि इंग्लंडमध्ये त्याची बरीच चर्चा झाली. पद्धत अशी: एखादी रोजची क्रिया तिच्या बारीक पायऱ्यांत मोडायची. ग्वाँचे प्रसिद्ध उदाहरण दार उघडण्याचे आहे. एवढ्याशा कामाची त्याने पंधरा वाक्ये केली. आपल्याकडे विहिरीवर पाणी काढण्याची मालिका करता येईल: दोर कळशीला बांधणे, कळशी सोडणे, ती पाण्याला टेकणे, बुडणे, भरणे, ओढून घेणे. शिक्षक प्रत्येक वाक्य बोलतो आणि ती कृती करून दाखवतो. विद्यार्थ्याला भाषांतर लागत नाही, कारण पुढचे वाक्य काय असणार हे त्याला अर्धेअधिक ठाऊकच असते.

१२/
ग्वाँचा हा शेवटचा मुद्दाच त्याच्या पुस्तकातील सर्वांत मोलाचा आहे. त्याला स्वतःला मात्र मालिकांच्या रचनेचे अधिक कौतुक होते, आणि तिथेच त्याची पद्धत अडखळली. कोणीही दार उघडताना पंधरा वाक्ये बोलत नाही. ती वाक्ये वर्गात रोज म्हणवून घेतली, की मालिकाही तक्त्यासारखी घोकली जाते. तोंड चालते आणि अर्थाकडे लक्ष राहत नाही. दुसरे असे की भाच्याचे यश एका चक्कीतून आलेले नव्हते. तीन वर्षे, दिवसातले अनेक तास, घरातील माणसे त्याच्याशी समोरच्या वस्तूंविषयी, हातातल्या कामांविषयी बोलत आली होती. मामाने शेवटचा अंक पाहिला; आधीचे नाटक त्याच्या नजरेआड घडले होते.

१३/
ते आधीचे नाटक सिद्धान्ताच्या मध्यभागी आणले अमेरिकन भाषावैज्ञानिक स्टीव्हन क्रॅशन यांनी, १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून. त्यांनी भाषासंपादन आणि भाषाध्ययन असे दोन भाग केले. अध्ययन म्हणजे नियम जाणीवपूर्वक शिकणे. संपादन म्हणजे अर्थाकडे लक्ष असताना भाषा नकळत अंगी मुरणे. क्रॅशन यांच्या मते ओघवते बोलणे संपादनातून येते. अध्ययनाचे काम तपासनीसाचे: बोलण्यापूर्वी किंवा लिहिल्यावर चूक दुरुस्त करणे. आणि त्या तपासनीसालाही तीन गोष्टी लागतात: पुरेसा वेळ, रूपाकडे लक्ष, आणि नियम माहीत असणे. ग्वाँकडे तिसरी भरपूर होती. अकादमीच्या बाकावर पहिली अजिबात नव्हती.

१४/
संपादन कशाने होते? क्रॅशन यांचे उत्तर ‘कॉम्प्रिहेन्सिबल इनपुट’, म्हणजे कळेल अशी भाषा: शिकणाऱ्याच्या सध्याच्या पातळीहून किंचित पुढची, परंतु संदर्भ, चित्र, हावभाव, आधीची माहिती यांच्या आधाराने उमगणारी. हे पटवण्यासाठी ते आपल्या व्याख्यानांत एक प्रयोग करीत. जर्मन न येणाऱ्या श्रोत्यांशी ते आधी काही वाक्ये नुसती जर्मनमध्ये बोलत, सभागृह कोरे. मग पुन्हा जर्मनच, पण या वेळी स्वतःच्या हाताकडे, डोक्याकडे बोट दाखवत आणि चेहऱ्याचे चित्र काढत. मिनिटाभरात श्रोते माना डोलावू लागत. भाषा जर्मनच होती, व्याकरण एका नियमानेही सांगितलेले नव्हते. ग्वाँ हॅम्बुर्गमध्ये ज्या दोन स्थितींच्या मधे अडकला होता, त्या या प्रयोगात शेजारी-शेजारी दिसतात.

१५/
तरीही एक शंका उरते. कदाचित ग्वाँने नियम पाठ केले पण त्यांचा तोंडी सराव केला नाही. पुरेसा सराव करून घेतला तर? या प्रश्नाचा उत्तम कस लागला तोही जर्मन भाषेतच. मानफ्रेड पीनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतील इटालियन आणि स्पॅनिश स्थलांतरित कामगारांचे बोलणे अभ्यासले. वर्गात न जाता भाषा शिकलेल्या या माणसांत शब्दक्रमाचे नियम एका ठरावीक क्रमाने येताना दिसले. आधी कर्ता-क्रियापद-कर्म हा सरळ क्रम. नंतर ‘आज’सारखा शब्द वाक्याच्या आरंभी, पण पुढचे सारे तसेच. त्यानंतर क्रियापदाचा तुकडा शेवटी नेणे. ‘आउफ’ टोकाला जाते ती हीच पायरी. त्याच्याही पुढे ‘आज मी खेळतो’ऐवजी जर्मन वळणाने ‘आज खेळतो मी’ असा कर्ता-क्रियापदाचा अदलाबदल. ‘मी आलो तेव्हा’सारख्या गौण वाक्यात क्रियापद अखेरीस नेणे सर्वांत उशिरा.

१६/
मग पीनेमान यांनी म्युनिकमधील इटालियन मुलांना अदलाबदलीचा नियम मुद्दाम शिकवला. हा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. जी मुले तुकडा शेवटी नेण्याच्या पायरीवर आधीच पोचली होती, त्यांच्या सहज बोलण्यात शिकवलेला नियम उतरला. जी त्याच्या आधीच्या पायरीवर होती, त्यांच्या सहज बोलण्यात तो रुजला नाही. शिक्षक तोच, नियम तोच. शिकवण्याने क्रम ओलांडता आला नाही. तयारी झालेल्याला मात्र पुढच्या पायरीवर लवकर जाता आले. ग्वाँने दहा दिवसांत पहिल्यापासून शेवटच्या पायरीपर्यंतचे सर्व नियम एकदम डोक्यात घातले होते.

१७/
इथे थांबले तर गोष्ट फार सोपी होईल: व्याकरण फेका, नुसते ऐका. तसे घडत नाही, आणि ते दाखवणारी नोंद कॅनडात आहे. १९६५ मध्ये मॉन्ट्रिअलजवळच्या सेंट लँबर्ट या गावातील इंग्रजीभाषक पालकांनी आग्रह धरून बालवर्ग सुरू करवला, ज्यात मुलांना सारे काही फ्रेंचमधूनच शिकवले जाई. मॅक्गिल विद्यापीठाचे वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी या मुलांचा पाठपुरावा केला. मुले गणितात मागे पडली नाहीत, इंग्रजीतही नाही. आणि ऐकून-वाचून समजण्याच्या बाबतीत ती पुढे फ्रेंचभाषक मुलांच्या बरीच जवळ पोचली. नुसत्या व्याकरणाच्या तासांना हे कधी जमले नव्हते.

१८/
पण अशा शाळांत अनेक वर्षे काढलेली मुले बोलत तेव्हा नामांचे लिंग चुके, क्रियापदांची रूपे चुकत, आणि या चुका जाता जात नसत. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्याचे कारण मांडले. समजून घ्यायला वाक्यातील प्रत्येक प्रत्यय लागत नाही. शब्द आणि संदर्भ पकडला, की अर्थ लागतो. प्रत्यय कानाआड केला तरी चालते. बोलताना मात्र तो प्रत्यय उच्चारावाच लागतो आणि आपल्याला काय येत नाही ते तेव्हा उघडे पडते. वर्गात शिक्षक बोलत, मुले एक-दोन शब्दांत उत्तरे देत. स्वतःचा पूर्ण अर्थ नेमकेपणाने मांडण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येई. म्हणून कळणाऱ्या भाषेच्या जोडीला बोलणे-लिहिणे हवे, आणि नजरेतून निसटणारे रूप दाखवून देणारे व्याकरणही हवे.

१९/
क्रॅशन यांच्यावर आणखी एक आक्षेप आहे आणि तो रास्तच म्हणावा लागेल. ‘किंचित पुढची’ भाषा म्हणजे नेमकी किती पुढची, हे मोजण्याचे साधन त्यांनी दिले नाही. जे मोजता येत नाही ते खोटेही ठरवता येत नाही. संपादन आणि अध्ययन यांच्यामध्ये त्यांनी उभारलेली अभेद्य भिंतही नंतरच्या अनेक अभ्यासकांना मान्य नाही. भरपूर वापराने जाणीवपूर्वक शिकलेली गोष्ट सवयीची होऊ शकते असे त्यांचे म्हणणे. मात्र या वादातही दोन्ही बाजू भरपूर कळणाऱ्या भाषेची गरज मान्यच करतात. वाद आहे तो तेवढ्याने भागते का, यावर.

२०/
आता त्या केशकर्तनकाराच्या दुकानाकडे. अकादमीत ग्वाँ ऐकत होता ती अमूर्त विचारांची भाषा होती. तिला आधार देणारे समोर काही नव्हते. दुकानात परिस्थिती उलटी होती. आत येणारा माणूस काय म्हणणार याचा अंदाज बांधता येतो. बसायला सांगणे, केस किती कापायचे, पाणी गरम आहे का, किती पैसे झाले. प्रत्येक वाक्याबरोबर कात्री, वस्तरा, टॉवेल किंवा नाणे दिसते. आणि तीच वाक्ये दिवसातून अनेकदा, माणसागणिक थोड्या फरकाने, पण त्याच क्रमाने कानावर येतात. भाच्याने पाहिलेल्या चक्कीसारखेच.

२१/
संपूर्ण हॅम्बुर्ग शहरात ग्वाँला कळू शकेल अशी जर्मन बहुधा याच खोलीत बोलली जात होती, आणि तो तिथे रोज बसत होता. फक्त त्याचे लक्ष त्या बोलण्यात नव्हते. ते मनातल्या मनात व्याकरणाने घासून तयार केलेल्या आपल्या पुढच्या वाक्यावर होते. ते वाक्य तो बोलला, गिऱ्हाइके हसली, आणि तो कोश पाठ करायला खोलीवर निघून गेला.